हिरव्या पाण्यात ऑक्सिजन जास्त कसा? तक्ता घड्याळासकट मांडावा

प्रश्न: मी कोल्हापुरात नववीला विज्ञान शिकवते. शाळेने पाणी तपासायचा साधा किट घेतलाय. मागच्या वर्षी मुलांनी नदीचं आणि एका तळ्याचं पाणी तपासलं. तक्त्यात ठिकाण, तारीख, पीएच, विरघळलेला ऑक्सिजन आणि शेरा असे रकाने होते. हिरवं, वास येणारं तळ्याचं पाणी ऑक्सिजनमध्ये नदीपेक्षा वरचढ निघालं आणि मुलांनी ‘तळ्याचं पाणी अधिक शुद्ध’ असं लिहिलं. किट खराब असेल का? यंदा तक्ता कसा करू आणि प्रश्न कोणते विचारू?

नमस्कार मॅडम,

तुमच्या तक्त्यात तारीख आहे, वेळ नाही. माझा अंदाज असा, की तळ्यावर तुम्ही दुपारी गेला होतात आणि ऊन चांगलं होतं. तसं असेल तर किट बहुधा ठीक आहे आणि आकडाही खरा आहे. चुकलाय तो त्याचा अर्थ. कोल्हापूर परिसरातल्या तळ्यांवर आणि पंचगंगेवर मी बरीच वर्षं मुलांना घेऊन जातोय. सुरुवातीला माझ्या वर्गानेही हेच वाक्य लिहिलं होतं. तेव्हापासून मी हा घटक या एकाच कोड्याभोवती बांधतो. किटमध्ये दहा चाचण्या असल्या तरी मुलांकडून ऑक्सिजन, पीएच आणि तापमान एवढंच मोजून घेतो.

पाणी हिरवं दिसतं ते त्यातल्या सूक्ष्म शेवाळामुळे. ऊन असताना शेवाळ प्रकाशसंश्लेषण करतं आणि तयार झालेला ऑक्सिजन थेट पाण्यात सोडतं. तो हवेत निसटायला वेळ लागतो, म्हणून दुपारपर्यंत पाण्यात साठत जातो. रात्री ऑक्सिजन तयार होणं थांबतं, श्वसन मात्र चालूच राहतं. शेवाळ, मासे आणि तळाच्या गाळात कुजणाऱ्या पदार्थांवर जगणारे जिवाणू सगळेच ऑक्सिजन वापरतात. त्यामुळे सूर्योदयाच्या सुमाराला तो सर्वात कमी असतो. सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस जितका जास्त येईल तितकं शेवाळ वाढतं, आणि दुपारचा आकडा जितका वर जातो तितका पहाटेचा खाली येतो. म्हणजे तुमच्या तळ्याचा दुपारचा मोठा आकडा हे त्या पाण्याच्या दुखण्याचंच लक्षण होतं.

तरीही किट तपासून घ्या. त्यासाठी ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं पाणी लागतं, आणि ते शाळेतच बनवता येतं. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवा. सकाळी बाटली अर्धी भरून दोन-तीन मिनिटं जोरात हलवा, बुडबुडे जाईपर्यंत थांबा आणि तापमान घ्या. आता या पाण्यात हवेतून मावेल तेवढा ऑक्सिजन मावलेला आहे. किती मावतो हे तापमानावर आणि हवेच्या दाबावर ठरतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, त्यामुळे पुस्तकातल्या आकड्यांपेक्षा इथे सुमारे सहा टक्के कमी धरावं लागतं. मी वर्गात हा तक्ता लावून ठेवतो:

| पाण्याचं तापमान (अंश सेल्सिअस) | कोल्हापुरात मावणारा ऑक्सिजन (मिलिग्रॅम प्रति लिटर) |
|---|---|
| २० | ८.५ |
| २२ | ८.२ |
| २४ | ७.९ |
| २६ | ७.६ |
| २८ | ७.३ |
| ३० | ७.१ |

हलवलेल्या पाण्याचा आकडा याच्या आसपास आला तर किटवर भरवसा ठेवा. बराच जास्त आला, उदाहरणार्थ साडेसातच्या जागी दहा, तर किटमधलं थेंबाथेंबाने मोजून टाकायचं थायोसल्फेटचं द्रावण जुनं झालं असण्याची शक्यता मोठी. ते कालांतराने कमजोर होतं, मग तेवढ्याच कामाला जास्त थेंब लागतात आणि ऑक्सिजन उगाच जास्त दिसतो. नवी बाटली आणली की प्रश्न सुटतो. ही चाचणी मुलांसमोरच करा. मोजमापाच्या साधनावर आधी शंका घ्यायची आणि ती दूर कशी करायची, हे त्यांना डोळ्यांनी दिसतं.

दुसरी अडचण नमुना घेण्यातली, आणि शाळांमध्ये सर्वाधिक चुका इथेच होतात. बादली धपकन टाकून वर ओढली आणि पाणी उंचावरून बाटलीत ओतलं, तर ओतताना ते हवेशी मिसळतं. ज्यात ऑक्सिजन कमी होता त्यात तो वाढतो आणि ज्यात वाजवीपेक्षा जास्त होता त्यातून तो निसटतो. मग नदी असो, तळं असो की नाला, सगळ्यांचे आकडे साडेसातकडे सरकतात आणि मुलं ‘सगळीकडे पाणी सारखंच आहे’ असं लिहून मोकळी होतात. तक्त्यातले सगळे आकडे असे एकमेकांना चिकटलेले दिसले, तर प्रथम नमुना कसा घेतला ते विचारा.

मी असं करतो. मुलांना पायरीच्या खाली उतरू देत नाही, शेवाळलेल्या पायऱ्यांवर मोठी माणसंही घसरतात. दोरीला बांधलेली छोटी बादली एका बाजूने कलती करून अलगद पाण्यात बुडवायची. भरलेली बादली सावलीत ठेवून त्यात पातळ रबरी नळीचं एक टोक सोडायचं आणि दुसरं टोक नमुन्याच्या बाटलीच्या तळाशी टेकवायचं. नळी आधी पाण्याने भरून घ्यायची, तोंडाने ओढायचं नाही. बाटली भरून दोन-तीन बाटल्यांइतकं पाणी बाहेर सांडू द्यायचं, नळी हळूच काढायची आणि बूच बसवायचं. बाटली उलटी करून बघायची. आत बुडबुडा दिसला तर ती ओतून पुन्हा भरायची. बादलीत थोडी हवा मिसळतेच, पण सगळ्या ठिकाणी एकाच पद्धतीने केलं तर तुलना करता येते.

आता रसायनं. थेंबांचे बहुतेक किट विंकलर पद्धतीवर चालतात. ही पद्धत लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली दिली. पहिल्या बाटलीतून मँगनीज सल्फेट आणि दुसरीतून अल्कधर्मी आयोडाइड टाकलं की साका तयार होतो. इथे वर्गाला थांबवा. पाण्यात ऑक्सिजन असेल तर साका तपकिरी होतो, अजिबात नसेल तर पांढरा राहतो. एकही थेंब मोजण्याआधी अर्धं उत्तर मुलांच्या समोर असतं. साका खाली बसला की सल्फ्युरिक आम्ल टाकायचं. तो विरघळतो आणि जितका ऑक्सिजन होता तितकं आयोडीन सुटं होऊन पाणी पिवळं-तपकिरी होतं. मग थायोसल्फेट थेंबाथेंबाने टाकायचं, रंग फिका पिवळा झाला की स्टार्च घालायचं, आणि आलेला निळा रंग जाईपर्यंत थेंब मोजायचे. ड्रॉपर सरळ उभा धरायचा. तो तिरका धरला की थेंबाचा आकार बदलतो आणि एकाच बाटलीतल्या पाण्याची दोन गटांकडून दोन उत्तरं येतात.

अल्कधर्मी आयोडाइड आणि आम्ल दोन्ही कातडीला आणि डोळ्यांना घातक आहेत. हे थेंब तुम्हीच टाका, हातमोजे आणि चष्मा लावून. मुलांनी फक्त थायोसल्फेटचे थेंब मोजावेत. वापरलेलं पाणी तळ्यात ओतू नका, एका झाकणाच्या डब्यात गोळा करून शाळेत आणा. नाल्याच्या तोंडाजवळचं पाणी घेणार असाल तर किटच्या माहितीपत्रकात ‘अझाइड’ हा शब्द आहे का ते बघा. सांडपाण्यात नायट्राइट असतं आणि अझाइड नसलेल्या किटमध्ये ते ऑक्सिजनचा आकडा फुगवतं.

यंदा तेच पाणी पहाटे आणि दुपारी, दोन्ही वेळा मोजा. पहाटेची फेरी कशी जमवायची, हे तुमच्या शाळेवर आणि पालकांवर अवलंबून आहे. पूर्ण वर्ग साडेसहाला नेणं मला कधी जमलेलं नाही. तळ्याजवळ राहणारी चार-पाच मुलं, त्यांचे पालक आणि मी, एवढेच जातो. आम्ल टाकण्यापर्यंतची कृती मी तिथेच उरकतो. एकदा आम्ल पडलं की हवेतला ऑक्सिजन त्यात फरक करू शकत नाही, त्यामुळे बाटल्या बूच लावून अंधाऱ्या पिशवीत शाळेत आणता येतात आणि पहिल्या तासाला सगळ्या वर्गासमोर थेंब मोजता येतात. पाणी फार हिरवं असेल तर मात्र वेळ लावू नका. दिवस निवडताना थंडीतले किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीचे स्वच्छ उन्हाचे दिवस घ्या. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं, ऊन नसतं, आणि पंचगंगेच्या घाटावर तेव्हा मुलांना न्यायचंच नाही.

आता तक्ता. तळ्यावर जाण्याआधी मी वर्गाला एक सरावाचा तक्ता देतो. त्यातले आकडे मी बेतलेले आहेत, कोणत्याही एका तळ्याचा अहवाल म्हणून ते वाचू नयेत. पण त्यांची चाल आमच्या वह्यांमध्ये दिसते तशीच आहे. यात एक थेंब म्हणजे अर्धा मिलिग्रॅम प्रति लिटर. तुमच्या किटचं प्रमाण माहितीपत्रकात बघा.

| ठिकाण | वेळ | तापमान | पीएच | थेंब: गट १, २, ३ | सरासरी ऑक्सिजन (मि.ग्रॅ./लि.) |
|---|---|---|---|---|---|
| तळं | सकाळी ६:३० | २२ | ७.५ | ६, ७, ५ | ३.० |
| तळं | सकाळी १०:३० | २४ | ८.० | १३, १४, १३ | ६.७ |
| तळं | दुपारी २:३० | २८ | ९.० | २३, २४, २२ | ११.५ |
| नदी | सकाळी ६:३० | २२ | ७.५ | १२, १२, १३ | ६.२ |
| नदी | दुपारी २:३० | २६ | ७.५ | १४, १३, १४ | ६.८ |

शेऱ्याचा रकाना मी काढून टाकलाय. तो असला की मुलं आकड्याकडे न बघता त्यातच ‘चांगलं’, ‘वाईट’ लिहितात. त्याऐवजी वहीत दोन ओळींची जागा ठेवतो: आकाश कसं होतं, पाण्यावर काय तरंगत होतं, वारा होता का, वास कसा होता. तिन्ही गटांचे थेंब वेगवेगळे लिहायचे आणि एखादा आकडा पटला नाही म्हणून खोडायचा नाही. सरासरी शेवटी काढायची.

पहिला प्रश्न मी असा विचारतो: जो माणूस फक्त दुपारी अडीचला आला, तो तळ्याबद्दल आणि नदीबद्दल काय म्हणेल? जो फक्त सकाळी साडेसहाला आला, तो काय म्हणेल? दोघांच्या निष्कर्षांची दिशा नेमकी उलटी निघते. तुमच्या वर्गाने लिहिलेलं वाक्य हे दुपारच्या माणसाचं वाक्य आहे. मुलांना त्यांची चूक सांगायची गरज पडत नाही, ती त्यांना आपोआप सापडते.

दुसरा प्रश्न वरच्या दोन तक्त्यांना जोडणारा आहे. दुपारी तळ्याचं पाणी २८ अंश होतं, त्यात हवेतून ७.३ मावतो, आणि मिळाला ११.५. ११.५ भागिले ७.३ म्हणजे सुमारे १५८ टक्के. मग हा जादा ऑक्सिजन आला कुठून? हवेतून येणं शक्य नाही, कारण हवा १०० टक्क्यांच्या वर नेऊ शकत नाही. तो पाण्याच्या आतच तयार झालेला असणार. पहाटे उलट ८.२ मावत असताना ३.० म्हणजे ३७ टक्के. इतक्या मोठ्या जागेत तो हवेतून का भरून निघाला नाही, तर रात्रभर आत येण्यापेक्षा खर्च जास्त होता. तापमानाचा भागही इथेच स्पष्ट होतो. ऊन तापलं की पाण्यात मावणारा ऑक्सिजन खरं तर कमी होतो, तरी आकडा वाढलाय. म्हणजे वाढीचं कारण तापमान नव्हे.

तिसरा प्रश्न पीएचचा. तो ७.५ वरून ९ का झाला? शेवाळ प्रकाशसंश्लेषणासाठी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वापरतं. तो पाण्यात आम्ल बनवत असतो, तो कमी झाला की पीएच चढतो. ऑक्सिजन आणि पीएच या दोन चाचण्यांची रसायनं वेगळी, कृती वेगळी, आणि तरी दोन्ही एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. ‘किट खराब असेल का’ या तुमच्या शंकेचं उत्तर म्हणूनही हे वापरा. किट बिघडला असता तर दोन्ही आकडे असे जोडीने हलले नसते.

चौथा प्रश्न मला सर्वात महत्त्वाचा वाटतो: नदीचा ऑक्सिजन दुपारी खरंच वाढला का? ६.२ आणि ६.८ बघून मुलं लगेच ‘हो’ म्हणतात. त्यांना थेंबांकडे परत पाठवा. सकाळी १२, १२, १३ आणि दुपारी १४, १३, १४. एकाच पाण्याच्या मोजणीत गटागटात एका थेंबाचा फरक पडतोय, आणि सकाळ-दुपारमधला फरकही जेमतेम एका थेंबाचाच आहे. एवढ्यावरून ‘वाढला असावा’ इतकंच म्हणता येतं. तळ्यात मात्र फरक सतरा थेंबांचा आहे, तिथे शंकेला जागा नाही. ६.१७ असं लिहिणाऱ्या मुलालाही हाच थेंब दाखवा. अर्ध्या मिलिग्रॅमच्या थेंबाने मोजलेल्या उत्तराला दोन दशांश स्थळं शोभत नाहीत.

पाचवा प्रश्न असा द्या, ज्याचं उत्तर या तक्त्यातून मिळतच नाही: यातलं कोणतं पाणी पिण्यासारखं आहे? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, विरघळलेल्या ऑक्सिजनची मर्यादाच दिलेली नाही. पिण्याचा प्रश्न मुख्यतः रोगजंतूंचा असतो आणि त्याची चाचणी वेगळी. ऑक्सिजन सांगतो तो पाण्यातल्या जिवांबद्दल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात नदीत किंवा तळ्यात अंघोळ करायच्या पाण्यात किमान ५ आणि मासे, वन्यजीवांसाठी किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन अपेक्षित आहे. आता मुलांना सरावाच्या तक्त्यात बघायला सांगा, तळ्यातला मासा दिवसाच्या कोणत्या वेळी अडचणीत येतो. उन्हाळ्यात मासे मेल्याच्या बातम्या आपल्याकडे येतात आणि ते अनेकदा सकाळी तरंगताना दिसतात. ‘दुपारी मोजलं तेव्हा तर ऑक्सिजन भरपूर होता’ असं कुणी म्हणालं तर त्याला काय विचाराल, असा उपप्रश्न मी परीक्षेत देतो. पण मासे मरण्याचं प्रत्येक वेळी हेच कारण असतं असं मुलांच्या मनात बसू देऊ नका. विषारी सांडपाणी किंवा अचानक आलेला मोठा मैलाही कारण असू शकतो, आणि ते या तक्त्यातून कळणार नाही.

मुलांना हे सगळं ‘सर सांगतात म्हणून’ पटायला नको, म्हणून पुढच्या आठवड्यात एक प्रयोग ठेवा. सकाळी नऊच्या सुमाराला तळ्याचं पाणी एकाच बादलीतून तीन बाटल्यांत बुडबुड्याशिवाय भरा. पहिलीत लगेच रसायनं टाका. दुसरी काचेची, तिला बूच लावा पण काही गुंडाळू नका. तिसरीला अॅल्युमिनिअमचा कागद दोन पदर गुंडाळा, बुचावरूनही. दुसरी आणि तिसरी पाण्याच्या टबात उन्हात चार तास ठेवा. टब यासाठी, की दोन्हींचं तापमान सारखं राहावं. दुपारी एकला दोन्ही मोजा. समजा पहिलीत १० थेंब, उजेडातल्या बाटलीत १६ आणि अंधारातल्या बाटलीत ८ लागले. अंधारात दोन थेंब गेले, हा श्वसनाचा खर्च. उजेडात सहा थेंब शिल्लक वाढली. पण उजेडातही श्वसन चालूच होतं, म्हणून एकूण तयार झालेला ऑक्सिजन सहा अधिक दोन, आठ थेंबांचा, म्हणजे चार मिलिग्रॅम प्रति लिटर. जमाखर्चासारखं मांडलं की नववीच्या मुलांना हे चटकन समजतं. चार तासांपेक्षा जास्त ठेवू नका. उजेडातल्या बाटलीत ऑक्सिजनचे बुडबुडे धरायला लागले की बूच काढताना ते निसटतात आणि आकडा कमी येतो.

तुमच्या तळ्यावर केंदाळ असेल तर आणखी एक फेरी करा. त्याच दुपारी, त्याच वेळी एक नमुना उघड्या पाण्यातून आणि एक केंदाळाच्या दाट पट्ट्याखालून घ्या. केंदाळही हिरवंच, पण त्याची पानं पाण्याबाहेर असल्याने ऑक्सिजन हवेत जातो आणि खालच्या पाण्याला ऊनही मिळत नाही. निघण्याआधी मुलांकडून अंदाज लिहून घ्या, कोणत्या बाटलीला जास्त थेंब लागतील आणि का, आणि तो कागद थेंब मोजून होईपर्यंत तुमच्याकडे ठेवा.